ईआरपीभोवती चौदा ॲप्लिकेशन: मधे मिडलवेअर की थेट जोडण्या?

चाकणचा_वाटसरू: कारखान्यात सॅप ईसीसी आहे. त्याला वजनकाटा, गोदाम, हजेरी, व्हेंडर पोर्टल, ई-इनव्हॉइस अशी चौदा ॲप्लिकेशन थेट जोडलेली आहेत. आता एस फोर हानाला जायचंय. सल्लागार म्हणतात, "थेट जोडण्या n(n−1)/2, म्हणजे ईआरपी धरून पंधरांच्या 105 होतात, निरोप पोचवणारं मिडलवेअर मधे घातलं की फक्त 15." लायसन्सचा आकडा बघून फायनान्सवाले गप्प झालेत. तुम्ही काय केलं असतं?

जुना_बेसिसवाला: आधी त्या 105 चा हिशेब विचारला असता. प्रत्येक ॲप्लिकेशन दुसऱ्या प्रत्येकाशी बोलत असेल, तरच ते सूत्र लागतं. तुमचा वजनकाटा हजेरीच्या मशीनशी काय बोलणार? सगळे फक्त ईआरपीशी बोलत असतील तर आज जोडण्या चौदाच आहेत. मिडलवेअर घातल्यावर पंधरा होतील, म्हणजे एक वाढलीच!

तेव्हा संख्येचा मुद्दा सोडा आणि एक यादी करा. कोण ईआरपीत कुठून शिरतं? BAPI या सॅपने दिलेल्या फंक्शनमधून, IDoc या सॅपच्या ठरावीक साच्यातल्या निरोपातून, फाइल टाकून, की थेट टेबल वाचून? स्लाइडवर चौदाही बाण सारखेच दिसतात, पण त्यांच्या दुखण्यांचा एकमेकांशी संबंध नसतो.

हबवाला: सूत्र चुकलं, मान्य. पण मायग्रेशनचं काय? एस फोरमध्ये मटेरियल नंबर 18 अक्षरांवरून 40 वर गेला. चौदाही इंटरफेस मोडणार. मधे मिडलवेअर असतं तर मॅपिंग एकाच जागी बदललं असतं.

जुना_बेसिसवाला: अर्धं बरोबर आहे. 40 अक्षरांची सोय मुळात बंदच असते, आपण चालू केली तरच येते. शिवाय रिलीज झालेल्या BAPI मध्ये जुनं 18 चं फील्ड तसंच ठेवून शेजारी लांब फील्ड दिलंय. नंबर जुनेच ठेवलेत तर त्यातून बोलणाऱ्याला बहुधा काही कळतही नाही.

मरतात ते थेट टेबल वाचणारे. विक्रीच्या कागदांचं स्टेटस पूर्वी `VBUK` आणि `VBUP` मध्ये असायचं, आता ते `VBAK`, `VBAP`, `LIKP` वगैरेंमध्येच गेलं. आमच्याकडे एका डिस्पॅच रिपोर्टची क्वेरी `VBUK` वर होती. पहिल्या सोमवारी रिपोर्ट शांतपणे रिकामा आला, ना एरर ना काही. आणि गंमत बघा, ती क्वेरी मिडलवेअरच्याच डेटाबेस ॲडॅप्टरमधून चालायची. मधे खोका होता, पण दार चुकीचं होतं.

कोल्हापुरी_हिशेब: आमच्याकडे टॅली आहे. डीलर एका शेअर फोल्डरमध्ये सीएसव्ही टाकतात, रात्री बाराला एक स्क्रिप्ट उचलते. हेच मिडलवेअर ना? मग लायसन्स कसलं? कधी कधी शेवटच्या पाच-दहा ऑर्डरी गळतात एवढंच.

जुना_बेसिसवाला: प्रश्न ईआरपीचा होता, पण असो. तुमचा फोल्डर म्हणजे गरिबाघरचं मिडलवेअरच. टॅली बंद असली तरी डीलर थांबत नाही, हे मोठं काम तो करतो. ऑर्डरी गळतात त्या बहुतेक फाइल अर्धी लिहून झालेली असतानाच स्क्रिप्टने उचलल्यामुळे. डीलरकडून आधी `.tmp` नावाने लिहून घ्या, पूर्ण झाल्यावर नाव `.csv` करायला सांगा आणि स्क्रिप्टला फक्त `.csv` उचलू द्या.

गोदामाची_चावी: मिडलवेअर घेऊन पस्तावलेली मी एक. आमचा वजनकाटा थेट `BAPI_GOODSMVT_CREATE` मारायचा. एक ट्रक आला, 18,420 किलो. ईआरपीने माल जमा केला, पण उत्तर यायला वेळ लागला आणि काट्याचा टाइमआउट 30 सेकंदांचा. ऑपरेटरला स्क्रीनवर "अयशस्वी" दिसलं, त्याने बिचाऱ्याने परत बटण दाबलं. एकाच ट्रकच्या दोन पावत्या. महिनाअखेरीस पुस्तकात माल इतका निघाला की तेवढा सायलोत मावलाच नसता.

मग मिडलवेअर आलं. त्यात कोणीतरी "अयशस्वी झाल्यास तीनदा प्रयत्न" असं ठेवलं. पुढच्या वेळी एका ट्रकच्या चार पावत्या! आधी निदान माणसाला बटण दाबायला लागायचं.

हबवाला: हा सेटिंगचा दोष, मिडलवेअरचा नाही. `XBLNR` या संदर्भाच्या फील्डमध्ये काटा-चिठ्ठीचा नंबर घाला आणि पोस्ट करण्याआधी तो शोधा.

जुना_बेसिसवाला: शोधून पुरत नाही. दोन विनंत्या एकाच क्षणी आल्या तर दोघींनाही "सापडला नाही" असंच उत्तर मिळतं. चिठ्ठी क्रमांक हीच की असलेलं स्वतःचं एक Z टेबल करा आणि पहिली नोंद तिथे घाला:

```abap
INSERT zkata_chithi FROM @ls_chithi.
IF sy-subrc <> 0.
  " चिठ्ठी आधीच आली आहे, जुना क्रमांक परत द्या
ENDIF.
```

नोंद गेली तर BAPI चालवा, मिळालेला दस्तऐवज क्रमांक त्याच ओळीत लिहा आणि शेवटी एकच कमिट. BAPI पडला तर रोलबॅक, म्हणजे चिठ्ठीही पुसली जाते. दुसरी विनंती पहिलीचा कमिट होईपर्यंत डेटाबेसच्या लॉकवर थांबते.

ई-इनव्हॉइसचा IRN हा नोंदणी क्रमांक बघा. विक्रेत्याचा जीएसटीआयएन, आर्थिक वर्ष, कागदाचा प्रकार आणि नंबर यांतून तो बनतो, म्हणून तेच बिल दुसऱ्यांदा पाठवलं की पोर्टल डुप्लिकेट म्हणून परत करतं. ही अक्कल घेणाऱ्याकडे असावी लागते. मधल्याला माल जमा झाला की नाही हे कळायला मार्गच नाही, त्याला फक्त उत्तर आलं नाही एवढंच माहीत असतं.

हबवाला: मग तुमच्या मते मिडलवेअर नकोच?

जुना_बेसिसवाला: असं कुठे म्हटलं? कटओव्हरला ईआरपी शनिवार-रविवार बंद राहील, तेव्हा गेटवर ट्रक थांबणार का? तिथे मधे रांग हवीच. दुसरं म्हणजे मटेरियल मास्टर. एक बदल सात-आठ ॲप्लिकेशनना जायचा असतो आणि प्रत्येकाला तो वेगळ्या रूपात लागतो.

गोदामाची_चावी: वाटायचं काम सॅपचं स्वतःचं ALE करतंच की. `BD64` मध्ये रिसीव्हर वाढवा, झालं.

जुना_बेसिसवाला: वाटेल हो ताई, पण IDoc वाचता यायला हवा ना समोरच्याला. हजेरीवाल्या व्हेंडरला `MATMAS05` देऊन बघा. बाकी तुमचा राग रास्त आहे. मॅपिंगमध्ये धंद्याचे नियम घुसले की मग खैर नाही. एका ठिकाणी प्लांट 1200 चा 1210 करणारी ओळ मिडलवेअरमध्ये होती, का ते सांगणारा माणूस नोकरी सोडून गेलेला. ती काढायची आजही कोणाची हिंमत नाही.

चाकणचा_वाटसरू: यादी केली. चौदापैकी पाच जण थेट टेबल वाचतात, त्यातले दोन कोणी लावले तेच माहीत नाही. व्हेंडर पोर्टल आणि गोदाम यांच्यात ईआरपीला वगळून एक जोडणीही सापडली. ती पाच आधी BAPI वर आणतो. मटेरियल मास्टर आणि वजनकाटा मिडलवेअरमधून, चिठ्ठीचं टेबल ईआरपीत. ई-इनव्हॉइस तूर्त थेटच.

एक राहिलं. क्लाउडवालं मेसेजवर पैसे लावतं, आणि गोदामाचं सॉफ्टवेअर दर मिनिटाला "काही नवीन आहे का" विचारतं.

हबवाला: दिवसाला 1440 हेलपाटे, बहुतेक रिकामेच. गोदामवाल्या व्हेंडरला विचारा, ईआरपीने निरोप पाठवला तर त्यांना घेता येतो का.

गोदामाची_चावी: आम्ही विचारलं होतं. "पुढच्या व्हर्जनमध्ये," म्हणाले. त्याला दोन वर्षं झाली.