मदत हवी आहे: रिक्रुटरला तारीख आणि पदाबद्दल उत्तर कसं लिहू?

नमस्कार. ऐरोलीतल्या एका कंपनीत माझी निवड जवळपास झाली आहे. रिझ्युमेत मी आधीच्या नोकरीचं ‘२०२१ ते २०२३, टीम लीड’ असं लिहिलंय. रिक्रुटरने मेलवर नेमक्या तारखा आणि अधिकृत पद विचारलंय.

खरी परिस्थिती अशी: ऑगस्ट २०२१ पासून मी महापेच्या त्याच ऑफिसात काम करत होतो, पण पहिले आठ महिने कंत्राटदाराच्या पेरोलवर. कंपनीच्या पेरोलवर आलो १ एप्रिल २०२२ ला, सोडलं ३० जून २०२३ ला. रिलीव्हिंग लेटरवर पद ‘सीनियर असोसिएट’ आहे. सहा जणांची टीम मीच सांभाळायचो, पण तसं पत्र नाही, फक्त अप्रेझलच्या मेलमध्ये उल्लेख आहे.

पीएफची सर्व्हिस हिस्टरी तपासली. यूएएन एकच, पण दोन आस्थापनांच्या दोन वेगळ्या नोंदी दिसतात. म्हणजे पडताळणीत हे कळणारच, आणि मलाही काही लपवायचं नाही. कंत्राटदाराचं अनुभवपत्र नाही, सॅलरी स्लिप्स आहेत. जुन्या एचआरला विचारलं, ते पद बदलून देणार नाहीत.

मसुदा असा केलाय (पाठवणार इंग्रजीतच):

‘ऑगस्ट २०२१ ते मार्च २०२२ कंत्राटदारामार्फत, १ एप्रिल २०२२ ते ३० जून २०२३ कंपनीच्या पेरोलवर. अधिकृत पद सीनियर असोसिएट. जबाबदारी टीम लीडची. रिलीव्हिंग लेटर आणि सुधारित रिझ्युमे सोबत जोडला आहे.’

उत्तर उद्या संध्याकाळपर्यंत द्यायचंय. एचआरमधल्या मंडळींना विचारायचंय: सुधारित रिझ्युमेत कंत्राटदाराची नोंद वेगळी नोकरी म्हणून टाकू, की कंपनीच्याच नावाखाली दोन ओळींत? आणि ‘टीम लीड’ कंसात ठेवलं तर चालेल, की पदाच्या जागी फक्त पत्रावरचंच नाव हवं?