पाइलला दगड आडवे आले. वाढलेल्या दिवसांचा दर कुठला धरायचा?

थापी: १२० बोअर्ड पाइल, करार फिडिक या आंतरराष्ट्रीय नमुन्याच्या १९९९ रेड बुकचा. निविदेतल्या पाच बोअरहोलमध्ये नुसती गाळमिश्रित चिकणमाती होती. ३८व्या पाइलपासून ९ ते १४ मीटरवर मोठमोठे दगड लागले. नोटीस वेळेत दिली. पाइलचं काम ६० दिवस उशिरा संपलं, म्हणून क्लेममध्ये ६० दिवस गुणिले पूर्ण कामाचा सरासरी रोजचा साईट खर्च लावला. इंजिनिअरनं परत पाठवलाय. चुकलं कुठे?

ओळंबा: दोन्ही आकड्यांत. पाइल ६० दिवस लांबले म्हणून प्रकल्पही ६० दिवस लांबला असं होत नाही. दगड लागायच्या आधीचा शेवटचा अपडेट केलेला प्रोग्रॅम घ्या आणि त्या तारखेपर्यंतची खरी प्रगती त्यात भरा. मग घटनेची साखळी जोडा: काम थांबलं, जादा बोअर घेतले, पद्धत बदलली, चिझलिंग केलं, उरलेले पाइल कमी वेगानं झाले. साखळीचं शेवटचं टोक पाइल कॅपला बांधा आणि प्रोग्रॅम पुन्हा चालवा. समजा पाइलला १९ दिवसांचा फ्लोट होता, म्हणजे तेवढे दिवस लांबले तरी शेवटची तारीख हलत नाही, तर पूर्णत्वाची तारीख ४१ दिवसच सरकेल. पैसे मागायचे ते ४१चे. निवेदनातही याच क्रमानं लिहा आणि प्रत्येक कडीला पाइलची नोंदवही, रोजचा अहवाल जोडा.

दर मात्र पाइल रखडले त्या आठवड्यांचा. सरासरीत फिनिशिंगच्या काळातला मोठा फौजफाटा मिसळलेला असतो, तो पाइलच्या वेळी साईटवर नव्हताच.

गुण्या: दराचं पटत नाही. काम शेवटाकडे लांबलं, तर जादा पगारही शेवटीच गेले ना? खिशातून गेले त्या दिवसांचा दर का नको?

ओळंबा: फिनिशिंगची टोळी ४१ दिवस उशिरा आली आणि जेवढे दिवस राहायची तेवढेच राहिली. तिचा मुक्काम वाढला नाही, नुसता पुढे सरकला. मुक्काम वाढला तो पाइलच्या वेळी साईटवर असलेल्यांचा. बांधकामातल्या उशिरांसाठीच्या एससीएल प्रोटोकॉलची २०१७ची आवृत्तीही हेच सांगते: परिणाम जाणवला त्या काळातला खर्च घ्या. समजा पाइलच्या वेळी रोजचा कालनिगडित खर्च १८० आणि पूर्ण कामाची सरासरी २५०. तुमच्या पद्धतीनं ६० × २५० म्हणजे १५,०००. माझ्या हिशेबानं ४१ × १८०, म्हणजे ७,३८०. निम्मीसुद्धा रक्कम राहत नाही. इंजिनिअरनं कागद परत पाठवला यात नवल नाही.

गुण्या: आणि फिनिशिंगचा सुपरवायझर, लिफ्ट जुन्या तारखेच्या करारानं आधीच येऊन बसले असतील तर?

ओळंबा: मग तो बसून राहिल्याचा खरा खर्च. करार, हजेरीपट आणि बिलं दाखवून वेगळा मागा. पण आधी एक प्रश्न येईलच: पाइल रखडलेत हे माहीत असताना त्यांना पुढच्या तारखेला का नाही बोलावलं?

पहार: आमची रिग तर ११ दिवस नुसती उभी होती. तिचं भाडं रोजच्या खर्चातच घालायचं ना? आणि वर १० टक्के नफा. बोअरहोल मालकाचे, म्हणजे जोखीमही सगळी मालकाची.

ओळंबा: रिग थेट पाइलच्या खर्चात दाखवा. १८०मध्ये तिचं भाडं आणि रिग-खर्चातही तिचं भाडं, असं दोनदा दिसलं की समोरचा बाकीच्या आकड्यांवरही विश्वास ठेवत नाही. चिझलिंगचा, म्हणजे दगड फोडायचा, तासाचा दर बीओक्यूमध्ये, म्हणजे करारातल्या दरपत्रकात असेल आणि त्यात रिग धरलेली असेल, तर ते तास ११ दिवसांतून वगळा. आधी अंदाज न येणाऱ्या जमिनीच्या अडचणींचं कलम ४.१२, त्याखाली खर्च मिळतो, नफा नाही. जोखमीचं निम्मं बरोबर. जिब्राल्टर विमानतळाच्या बोगद्याच्या खटल्यात २०१४ साली इंग्लंडच्या न्यायालयानं दूषित मातीच्या मुद्द्यावर कंत्राटदाराचं ऐकलं नाही. अनुभवी कंत्राटदारानं केवळ हाती आलेल्या अहवालावर विसंबू नये, स्वतःही अंदाज बांधावा, असा त्याचा रोख होता. म्हणून पाच बोअरहोल एकमेकांपासून किती लांब होते आणि आसपास दगडांची काही खूण होती का, हे थापींनी निवेदनात सुरुवातीलाच लिहावं.

थापी: एक सांगायचं राहिलं. त्या ४१ दिवसांतच क्रेनच्या पायाची ड्रॉइंग आमच्याकडून ९ दिवस उशिरा गेली. तीही क्रिटिकल दिसतायत.

ओळंबा: मग मुदतवाढ ४१ दिवसांची, पैसे ३२ दिवसांचे. ५,७६०. त्या ९ दिवसांचा साईट खर्च तुमच्या उशिरामुळेही झालाच असता.

गुण्या: फिडिक १९९९मध्ये एकाच वेळच्या दोन उशिरांबद्दल अक्षर नाही. दगड आधी लागले, पाइल अडल्यावर क्रेन कुणाला हवी होती? मी ४१चे मागेन.

ओळंबा: मागा. पण क्रेनची तारीख पाइल अडल्यामुळे मुद्दाम पुढे ढकलली, असं सांगणारं त्याच आठवड्यातलं पत्र हातात हवं. आज लिहिलेलं नव्हे.

थापी: पत्र नाही. मीटिंगच्या मिनिट्समध्ये एक ओळ आहे, ‘क्रेनची घाई नाही’ एवढीच.

गुण्या: तीच जोडा.

ओळंबा: जोडा, पण ती ओळ कोण बोललं ते आधी पाहा.