ऑफिसच्या ग्रुपवरचे स्टिकर आणि साहेबांचा मेसेज: रास्त की जरा अतिच?

हिंजवडीचा हमाल:
आमची सपोर्टची टीम, एका बँकेच्या सॉफ्टवेअरची. तीन पाळ्या, तेवीस जण, एक व्हॉट्सॲप ग्रुप. काल मॅनेजरसाहेबांनी टाकलेला मेसेज जसाच्या तसा देतो:

"मंडळी, ग्रुपवर सध्या स्टिकरचा पाऊस पडतोय. मजा जरूर करा. फक्त स्टिकर मैत्रीपूर्ण असावेत, कुणालाही आपण यातले नाही असं वाटू नये. सहकाऱ्यांच्या फोटोंचे स्टिकर त्यांना विचारल्याशिवाय टाकू नयेत. कुणाला काही खटकत असेल तर मला पर्सनली कळवा."

तेव्हापासून ग्रुपवर स्मशानशांतता. कुणी साधा अंगठासुद्धा टाकत नाही. याची खरंच गरज होती का? तक्रार कुणी केली तेही कळलेलं नाही.

चहाटळ:
गरज शून्य. मीही रात्रपाळी केली आहे. पहाटे तीनला बॅच अडकलेली असते, समोरचा क्लायंट चिडलेला असतो, तेव्हा कुणीतरी टाकलेला एक स्टिकर झोप उडवतो. 'पाहिलं, बघतो, तूही माणूस आहेस' हे सगळं टाइप न करता सांगून होतं. साहेब नऊला झोपतात, त्यांना काय कळणार? अशा मेसेजने कुणी सुधारत नाही, लोक फक्त गप्प बसतात.

तर्कट:
साहेब स्वतःची मान सोडवतायत, बाकी काही नाही. ग्रुपचे ॲडमिन तेच असणार. उद्या कुणी केस केली तर पहिला ॲडमिन आत जातो. म्हणून आधीच लिहून ठेवलं, की मी सांगितलं होतं.

खडूस काकू:
तर्कट, लेखी पुरावा म्हणून मेसेज टाकला असेल हे मान्य. ॲडमिन आत जातो हे नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 2021 साली नेमकं याच मुद्द्यावर सांगितलं, की सदस्याने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुरासाठी नुसता ॲडमिन आहे म्हणून माणूस दोषी ठरत नाही. त्याचा त्यात सामाईक हेतू किंवा आधीपासूनचा कट असेल तर गोष्ट वेगळी. पण हा माणूस मॅनेजर आहे, त्याची जबाबदारी ॲडमिनपणाने येत नाही, पदाने येते. ग्रुप दुसऱ्या कुणी बनवला असता तरी ती असतीच.

हमालदादा, आधी हे सांगा की स्टिकर कुठले होते. ते कळल्याशिवाय बाकी सगळ्या गप्पा हवेतल्या.

हिंजवडीचा हमाल:
बहुतेक नेहमीचेच, राजकारणी, सिनेमातले चेहरे, मांजरी. घरगुती म्हणाल तर तीन गाजले. एक, आमच्या टीममधल्या एका बाई जांभई देताना, दिवाळीच्या कार्यक्रमातल्या फोटोतून कापलेला. कुणी 'गुड मॉर्निंग' म्हटलं की तो पडतोच. दुसरा, रंगाने सावळा असलेल्या एकाचा, त्यावर 'लाईट गेली का रे?' तो स्वतःही हसतो. तिसरा पाटण्याहून आलेल्या मुलाचा, त्यावर काय लिहिलंय ते इथे लिहीत नाही, पण वाईट हेतूने नव्हतं.

निवांत नागपूरकर:
स्टिकर बंद झालेच पाहिजेत! आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर सकाळी पाचपासून फुलं, सूर्य, सुविचार. पाण्याचा टँकर कधी येणार हा मेसेज शोधायला वीस फुलं वर सरकवावी लागतात. तुमच्या साहेबांचा नंबर द्या, आमच्या सेक्रेटरीला समजावायला.

चहाटळ:
नागपूरकर, इथे बंदीचा विषय नाही चाललाय. टँकर मात्र लवकर येवो.

खडूस काकू:
दादा, तुमचा तिसरा स्टिकर इथे लिहायलासुद्धा तुम्हाला नको वाटतंय. इथे तर त्या मुलाला कुणी ओळखत नाही. मग तेवीस ओळखीच्या लोकांसमोर तो कसा चालला?

वीसेक वर्षं मनुष्यबळ खात्यात काढली, आता दोन-तीन कंपन्यांच्या लैंगिक छळाच्या तक्रारी ऐकणाऱ्या अंतर्गत समितीवर बाहेरची सदस्य म्हणून बसते, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

फोटोचा स्टिकर आणि तोंडी विनोद यांत मोठा फरक आहे. तोंडी विनोद चहाच्या टपरीवर विरतो. स्टिकर कुणी एकदा आवडत्यांत साठवला की तो त्याच्या फोनमध्ये राहतो. मूळ टाकणाऱ्याने 'सर्वांसाठी डिलीट' केलं तरी त्या संभाषणातला गेला, साठवलेला तसाच. दुसऱ्या ग्रुपमध्ये जातो, तिथून तिसऱ्यात. तो कुणी बनवला हे त्यावरून बहुधा कळत नाही. जांभई देणाऱ्या बाईंचा चेहरा उद्या क्लायंटच्या ग्रुपवर दिसला तर त्या कुणाकडे दाद मागणार?

कायद्याचं म्हणाल, तर लोकांना वाटतं तेवढं छत्र त्यात नाही. 2013 चा कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा स्त्रियांच्या तक्रारींसाठी आहे आणि लैंगिक स्वरूपाच्या वागण्यापुरता आहे. जांभईचा स्टिकर त्यात बसत नाही. 'लाईट गेली'वाला मुलगा तर आमच्या समितीपुढे येऊच शकत नाही. त्यांच्यासाठी कंपनीची आचारसंहिता असली तर असली, नाहीतर मॅनेजर. म्हणून साहेबांनी मेसेज टाकला हे बरोबरच केलं. तो लिहिलाय मात्र ढिसाळ.

चहाटळ:
पण तो मुलगा स्वतः हसतोय ना! ज्याला लागलं नाही त्याच्या वतीने आपण कशाला रडायचं?

पाचवा मजला:
चहाटळ, माझा चेहरा आमच्या ऑफिसात दीड वर्ष स्टिकर होता. तोंडात वडापाव, गाल फुगलेले. मीही हसायचे. सुरुवातीला तर खरंच हसू आलं होतं. मग अप्रेझलचं गंभीर बोलणं चालू असताना टीम लीडने तोच टाकला आणि खाली आठ जणांनी हसरे चेहरे. तेव्हाही हसले. न हसणाऱ्या बाईला 'हिला गंमत कळत नाही' हे बिरूद कायमचं चिकटतं. समोरचा हसतोय यावरून काही कळत नाही. त्याने स्वतःहून तो स्टिकर कधी टाकलाय का, ते बघा. मी एकदाही टाकला नाही. कुणाच्या लक्षात आलं नाही.

हिंजवडीचा हमाल:
ग्रुप वर सरकवून पाहिला. जांभईवाला बाईंनी स्वतः दोनदा टाकलाय. 'लाईट'वाला त्या मुलाने कधीच नाही.

खडूस काकू:
पाचवा मजला, खूण चांगली सांगितलीत. मीही हेच विचारते, शिवाय एक बघते. स्टिकर माणसाच्या करण्यावर आहे की असण्यावर? जांभई माणूस देतो आणि विसरतो. रंग, गाव, आडनाव, जाडी ही काही तो मीटिंगनंतर काढून ठेवू शकत नाही. बाईंचा फोटो त्यांना विचारून चालू शकेल. बाकीचे दोन विचारूनही चालू नयेत, कारण 'टाकू का?' म्हटल्यावर तेवीस जणांत नवा मुलगा नाही कसं म्हणेल?

साहेबांच्या मेसेजमध्ये नेमकी इथे गफलत झाली. परवानगीचा नियम सगळ्यांना सरसकट लावला. 'मैत्रीपूर्ण' म्हणजे काय ते प्रत्येकाने आपापल्या परीने ठरवलं, म्हणून मांजरवाले गप्प झाले आणि ज्याने तो तिसरा बनवला त्याला आपल्याबद्दल बोलणं चाललंय हे कदाचित कळलंही नसेल. सरळ लिहायचं होतं, 'रंग, शरीर, जात, धर्म, गाव, बाई-पुरुष यांवरचे स्टिकर या ग्रुपवर नकोत. सहकाऱ्याचा चेहरा असेल तर आधी त्याला विचारा. बाकी बिनधास्त टाका.' आणि ते दोन स्टिकर ॲडमिन म्हणून स्वतः काढायचे. ॲडमिनला दुसऱ्याचा मेसेज सगळ्यांसाठी काढता येतो.

तर्कट:
काकू, इथे मात्र तुमचं पटत नाही. यादी टाकली की तीन मिनिटांत सगळे ओळखणार की रंगाचं कुणावरून आलं आणि गावाचं कुणावरून. त्या मुलाची गुपचूप चाललेली अडचण जाहीर झाली. ॲडमिनने नेमके तेच दोन काढले तर तिथे 'ॲडमिनने डिलीट केला' असं उमटतं, म्हणजे बोट दाखवल्यासारखंच. साहेबांनी मोघम लिहिलं ते याचसाठी असेल. बनवणाऱ्याला बाजूला घेऊन सांगावं आणि त्याच्याकडूनच काढून घ्यावं.

खडूस काकू:
बनवणाऱ्याशी आधी खाजगीत बोलावं, हे मान्य. पण 'सर्वांसाठी डिलीट'ला मुदत आहे, दोन दिवसांहून थोडी जास्त. जुना स्टिकर त्याला काढताच येणार नाही. आणि फक्त खाजगीत मिटवलं तर बाकी एकवीस जणांना वाटत राहतं की हे चालतं.

ऐकीव:
मी अंध आहे, टेस्टिंगमध्ये काम करतो. 'कुणालाही आपण यातले नाही असं वाटू नये' हे वाचून जरा हसलो. फोनवर टॉकबॅक लावून ग्रुप ऐकतो. घरगुती स्टिकर आला की तो फक्त 'स्टिकर' म्हणतो. चांगला की वाईट, कुणाचा, काही नाही. विनोद हुकला तर हुकला. पण पाळी बदलताना मी विचारतो 'रात्रीचा जॉब पुन्हा चालू केला का?' आणि उत्तर येतं: स्टिकर. नाचणारा माणूस असेल तर चालू झालाय, डोक्याला हात लावलेला असेल तर बोंबललाय. मला दोन्ही सारखेच. मग फोन करायचा, आणि समोरचा नुकताच झोपलेला.

मॅनेजरने एवढंच म्हटलं तरी पुरे की कामाच्या प्रश्नाला उत्तर शब्दांत द्या, मग वाटल्यास स्टिकर टाका.

चहाटळ:
ऐकीव, हे डोक्यातच आलं नव्हतं. हा नियम पटला, कारण तो मोजता येतो. पण 'मैत्रीपूर्ण' हा नियम नव्हे हे माझं म्हणणं कायम. आणि खटकलं तर साहेबांना पर्सनली सांगा, म्हणजे चुगलीच ना?

पाचवा मजला:
चुगलीपेक्षा त्यात वेगळाच त्रास आहे. माझ्या बाबतीत स्टिकर टाकणारा लीडच होता. कळवायचं कुणाला, त्यालाच? साहेबांनी स्वतःखेरीज आणखी एक नाव द्यायला हवं होतं.

हिंजवडीचा हमाल:
ताजी बातमी. आज दुपारी दुसरा ग्रुप निघाला, साहेबांशिवाय. एकोणीस जण आहेत. स्टिकर जोरात चालू.

खडूस काकू:
साहेब धरून चार जण वगळले. बाकीचे तीन कोण?

हिंजवडीचा हमाल:
एक नवीन आलेल्या मॅडम, त्यांचा नंबर कुणाकडे नव्हता. आणि 'लाईट'वाला आणि पाटण्याचा. त्यांना अवघडल्यासारखं होईल म्हणून घेतलं नाही, असं ग्रुप काढणारा म्हणाला. जांभईवाल्या बाई आहेत.

तर्कट:
तो खाजगी ग्रुप झाला. तिथे साहेबांचं काही चालणार नाही.

खडूस काकू:
तसं नाही. ग्रुप ऑफिसच्या लोकांचा आहे, बोलणं ऑफिसच्या लोकांबद्दल आहे. उद्या तिथला एक स्क्रीनशॉट बाहेर आला तर 'आमचा खाजगी ग्रुप होता' हे उत्तर बहुतेक कंपन्यांत चौकशीत टिकत नाही. दादा, पाळी कोणी कुणाशी बदलली, सुट्टी कुणाला हवी, हे आता कुठल्या ग्रुपवर ठरतंय?

हिंजवडीचा हमाल:
नवीनच ग्रुपवर. शनिवारची अदलाबदल आत्ताच तिथे झाली.

ऐकीव:
म्हणजे त्या दोघांना शनिवारचं कळलंच नाही. हे स्टिकरचं प्रकरण उरलं नाही आता, साहेबांना आज संध्याकाळीच सांगा.

चहाटळ:
सांगितलं की हमाल चुगलखोर, नाही सांगितलं की हे असं. ते दोघे तिथे घ्या म्हणजे झालं, साहेबांना मध्ये कशाला आणता?

पाचवा मजला:
घेतलं, तर पहिला स्टिकर कुठला पडेल?