नोटिशीत ‘राइटसायझिंग’ लिहायचं की ‘काम नाही’ म्हणायचं?

अंबडची एचआरवाली: अंबड एमआयडीसीत मशीनिंगची कंपनी, कायम कामगार १४०. ऑर्डर निम्म्यावर आल्याने तिसरी पाळी बंद होतेय, १८ जण कमी करायचेत. साहेबांनी मसुदा दिलाय: “बदलत्या बाजारपेठेस अनुसरून मनुष्यबळाचे राइटसायझिंग करण्यात येत असून आपल्या योगदानाबद्दल कंपनी ऋणी आहे.” यावर माझी सही जाणार. सरळ भाषेत लिहावं का? लोकांचा विश्वास बसेल असं कसं लिहायचं?

सिन्नर_प्लांट: ताई, साहेबांचा मसुदा बदलू नका. मी दोन प्लांटचं एचआर बघतो. “ऑर्डर निम्म्यावर” असं कागदावर आलं की तो कागद संध्याकाळपर्यंत व्हॉट्सअ‍ॅपवर असतो. मग बँकवाला फोन करतो आणि कस्टमर दुसरा व्हेंडर शोधतो. सगळ्यात आधी जातो तो चांगला सीएनसी सेटर, कारण त्याला सातपुरात आठवड्यात नोकरी मिळते. म्हणजे १८ जणांशी खरं बोलायला जाऊन उरलेल्या १२२ जणांच्या पोटावर पाय. गोलमोल भाषेचाही उपयोग असतो.

मोहन काका (निवृत्त, लेबर लॉ): शेड्यूल कस्टमरनेच कापलंय, त्याच्यापासून काय लपवणार? बँकेकडे दर महिन्याला स्टॉक स्टेटमेंट जातं, तिलाही दिसतंय. राहिले कामगार. आता मुद्द्याचं. कपातीच्या नोटिशीत कारण लिहिणं कायद्यानेच बंधनकारक आहे. जुन्या १९४७च्या कायद्यात होतं, नव्या संहितेतही आहे. एक महिन्याची लेखी नोटीस कारणासह, नाहीतर त्या महिन्याचा पगार. “राइटसायझिंग” हे कारण झालं का? उद्या कुणी वाद उपस्थित केला तर समोरचा वकील पहिलं हेच विचारेल.

आणि कागदावर शब्द गुळगुळीत असला की तोंडी निरोप बहुतेक वेळा एकच असतो: “राजीनामा लिहून द्या, अनुभवाचं पत्र चांगलं देतो.” खरी मेख तिथे आहे. समजा सरासरी पगार २६,००० आणि नोकरी १२ वर्षं. कपात म्हटली तर दर वर्षामागे १५ दिवसांचा पगार, म्हणजे १३,००० गुणिले १२, एक लाख ५६ हजार भरपाई. वर नोटिशीचे २६,०००. ग्रॅच्युइटी वेगळी. राजीनाम्यावर सही केली की ग्रॅच्युइटी आणि रजेचे पैसे मिळतात, भरपाई गेली. एका सहीत एक लाख ५६ हजार. त्यामुळे त्या पत्रात ‘ही कपात आहे, राजीनामा नाही’ हे वाक्य नसेल तर बाकीची भाषा कितीही साधी असो, मला त्यात रस नाही.

नाशिकरोडचा दत्ता: पण काका, शंभरच्या वर कामगार असले तर सरकारची परवानगी लागते ना? मग नोटिशीच्या भाषेवर चर्चा कशाला, यांना १८ जण काढताच येणार नाहीत.

मोहन काका: दत्ता, शंभरचा आकडा बरोबर, पण जुना. २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली, तिच्यात ही मर्यादा ३०० आहे. १४० वाल्यांना पूर्वपरवानगी नको. नोटीस, भरपाई आणि सरकारला कळवणं मात्र सुटलेलं नाही.

गंगापूररोड_वाचक: मुळात इंग्रजी शब्द हवाच कशाला? ‘मनुष्यबळ सुसूत्रीकरण’ असा सुंदर मराठी शब्द आहे. मातृभाषेतून लिहिलं की आपोआप आपुलकी येते.

ऑपरेटर सातपूर: दादा, सुसूत्रीकरण वाचून तर अजून धडकी भरेल 😄 ताई, आमच्याकडे काय झालं ते सांगतो. पत्र सोमवारी लागलं, आम्हाला आधीच्या बुधवारी कळलं होतं. कँटीनवाल्याला रात्रीची ताटं ६० वरून ३५ करायला सांगितलेली. त्याने भाजी चिरणाऱ्या पोराला सांगितलं आणि पोराने आम्हाला. पत्रात होतं, “एकाही कर्मचाऱ्याला कमी केलेले नाही.” खरंच नव्हतं केलं. ठेकेदाराच्या २२ पोरांना “उद्यापासून येऊ नका” एवढंच सांगितलं, ती ‘कर्मचारी’ धरत नाहीत. त्यानंतर कंपनीने बोनसचं खरं सांगितलं तरी कुणी मानेना.

मीनल (सध्या पुणे, घर इंदिरानगर): आयटीत तर ‘रिसोर्स अ‍ॅक्शन’ म्हणतात. मला पंधरा मिनिटांच्या कॉलवर “तुमचा रोल इम्पॅक्ट झालाय” सांगितलं आणि राजीनाम्याचा मेल तयार करून पाठवला. मी सही केली. काका, मला ती भरपाई लागू होती का?

मोहन काका: मीनल, ते पदनामावर नाही, तू रोज प्रत्यक्ष काय करायचीस त्यावर ठरतं. स्वतः कोड लिहिणारी आणि माणसांच्या रजा मंजूर करणारी, दोघींचं उत्तर वेगळं येऊ शकतं. त्या मेलसकट वकिलाला दाखव, इथे सांगणं योग्य नाही.

एचआरताई, हा मसुदा घ्या. प्रत्येकाचे आकडे वेगळे भरा:

“जुलैपासून आपल्या मुख्य ग्राहकाच्या ऑर्डर निम्म्यावर आल्या आहेत. तिसऱ्या पाळीला काम उरलेले नाही, म्हणून कंपनी १८ कामगार कमी करत आहे. त्यात आपण आहात. आपल्या विभागात शेवटी लागलेले आधी, या क्रमाने नावे ठरली. आपल्या कामाबद्दल तक्रार नाही. ही कपात आहे, आपल्याकडून राजीनामा मागितलेला नाही. नोटिशीचा पगार ___, भरपाई ___, ग्रॅच्युइटी ___, रजेचे पैसे ___. एका वर्षात पुन्हा भरती झाली तर आपल्याला आधी बोलावू. आणखी कपात होणार नाही असे आज सांगता येत नाही. दिवाळीनंतरच्या ऑर्डर पाहून पुन्हा कळवू.”

शेवटी लागलेला आधी, हा क्रम कायद्यातलाच आहे. मोडायचा असेल तर कारण नोंदवावं लागतं. ते टाळायला लोक “परफॉर्मन्स” लिहितात आणि माणसाच्या पुढच्या नोकरीला डाग लावतात. पुन्हा आधी बोलावण्याचं वाक्यही उपकार म्हणून घातलेलं नाही, तेही संहितेत आहे.

सिन्नर_प्लांट: काका, क्रम आणि आकडे मान्य. राजीनाम्याचंही मान्य, ती चलाखी मीही करू देत नाही. पण “आणखी कपात होणार नाही असे सांगता येत नाही” हे वाक्य म्हणजे उरलेल्यांना दार दाखवणं. तुमचं काम कायदा सांगण्याचं होतं, माझं प्लांट चालवण्याचं आहे.

ऑपरेटर सातपूर: साहेब, ते वाक्य नसलं तरी आम्ही तेच धरून चालतो. ताटं मोजतोच ना आम्ही. आणि ‘ही शेवटची कपात’ असं लिहून तीन महिन्यांनी दुसरी केली, तर मग तुमच्या एकाही नोटिशीकडे कोण बघणार?

सिन्नर_प्लांट: ‘शेवटची’ असं लिहा असं मी म्हटलंच नाही. काहीच लिहू नका म्हणतोय.

अंबडची एचआरवाली: साहेबांना दाखवलं. ‘राइटसायझिंग’ गेलं, आकडे आणि क्रम राहिले. ‘राजीनामा मागितलेला नाही’ यावर अर्धा तास वाद झाला, कारण चौघांना तसं तोंडी आधीच सांगून झालं होतं. शेवटी ठेवलं. ‘दिवाळीनंतर’चं वाक्य मात्र त्यांनी खोडलं. काका, त्या चौघांपैकी एकाने कालच राजीनामा लिहून दिलाय, अजून मंजूर केलेला नाही. तो त्याला परत घेऊ द्यावा ना?

मोहन काका: मंजूर नाही तोवर त्याला मागे घेता येतो. आजच त्याच्याकडून दोन ओळींचं पत्र घ्या आणि आवक नोंदवून तारखेचा शिक्का मारा.