ब्लीचिंग घालण्याआधी गाळ काढा

"मोरीतून ड्रेनेजचं पाणी घरात आलं. ब्लीचिंग पावडर टाकून फरशी धुतली, तरी वास जात नाही. कापसाची गादी उन्हात वाळवून वापरली तर चालेल?"

गादी नको. ऊन वरच्या कापडापुरतं पोचतं, आतल्या कापसात गेलेली घाण तिथेच राहते. आम्ही चार दिवस वाळवली होती, पहिल्या पावसाळी हवेला तोच वास परत आला. शेवटी तीही टाकली आणि उशा, पायपुसणीही. तळाशी फुगलेलं प्लायवूडचं कपाटही वाचवता येत नाही, हे मान्य करायला जरा वेळ लागला. स्टील, प्लास्टिक, काच धुऊन ठेवा. कपडे वेगळे, गरम पाण्यात धुवा.

फरशीचं म्हणाल तर चूक क्रमात असावी. गाळावरच ब्लीचिंग टाकलं की क्लोरीन त्या घाणीतच खर्ची पडतं, जंतूंपर्यंत फार थोडं पोचतं. आधी हातमोजे, गमबूट घालून गाळ खरडून काढा, मग साबणाच्या पाण्याने घासा, साध्या पाण्याने धुवा. त्यानंतर ५ टक्क्यांचं सोडियम हायपोक्लोराइट, म्हणजे पातळ ब्लीच, १० लिटर पाण्याला २०० मिली घेऊन फरशी दहा मिनिटं ओली राहू द्या. खिडक्या उघड्या हव्यात. संडास साफ करायचं अ‍ॅसिड त्यात अजिबात मिसळू नका, विषारी क्लोरीन वायू सुटतो. एवढं करूनही वास आला तर स्कर्टिंगच्या फटी आणि दाराच्या चौकटीचा तळ बघा. आमच्याकडे तो तिथूनच येत होता.