'बिझनेस जजमेंट रूल'ला मराठीत काय म्हणाल?

अनुवादिका, सदाशिव पेठ: एका कंपनीसाठी टिपण मराठीत करतेय. 'व्यावसायिक निर्णय नियम' लिहिलं, तर वाचणाऱ्यांना वाटलं की निर्णय कसा घ्यावा याचे नियम आहेत. दुसरा शब्द आहे का?

सीए, कर्वेनगर: संचालकांची नियत साफ असेल तर धंद्यात तोटा आला तरी कोर्ट त्यांना धरत नाही, एवढाच अर्थ. 'संचालक-संरक्षण' लिहा.

वकील, शिवाजीनगर: साहेब, हे अर्धंच झालं. नुसती साफ नियत पुरत नाही. अमेरिकेत डेलावेअरच्या सुप्रीम कोर्टाने १९८५ मध्ये स्मिथ विरुद्ध व्हॅन गोरकोम खटला निकाली काढला, तो बघा. ट्रान्स युनियनचे प्रमुख व्हॅन गोरकोम यांनी शेअरमागे ५५ डॉलरला कंपनी विकायचं ठरवलं. बाजारभाव चाळिशीच्या आत होता. पण ५५ हा आकडा कंपनीची किंमत काढून आलेला नव्हता. तेवढ्या भावाने कर्ज काढून खरेदी परवडेल का, या हिशेबातून आला होता. २० सप्टेंबर १९८० ला बोर्ड बसलं. व्हॅन गोरकोम यांनी वीस मिनिटं तोंडी सांगितलं, करार कुणी वाचला नाही आणि दोन तासांत मंजुरी मिळाली. लबाडी कुणाचीच नव्हती, भावही चढा होता. तरी कोर्टाने तो घोर निष्काळजीपणा ठरवला.

अनुवादिका: म्हणजे भाव चांगला असूनही संचालक हरले? मग निर्णय फसला तर काय?

वकील: तिथे उलटं झालं. डिस्नेने आपले अध्यक्ष मायकेल ओव्हिट्झ यांना चौदा महिन्यांत काढलं आणि सुमारे १३ कोटी डॉलर द्यावे लागले. भागधारक कोर्टात गेले. बोर्डाचं काम आदर्श नव्हतं, हे कोर्टाने स्पष्ट सांगितलं, पण २००६ मध्ये संचालकच सुटले. निकाल लागल्यावर चूक दाखवणं सोपं असतं. न्यायाधीशापुढे शेवट माहीत असलेली गोष्ट असते, बोर्डापुढे त्या दिवशीची अर्धवट माहिती. फसलेल्या प्रत्येक धाडसाची भरपाई खिशातून करावी लागली, तर संचालक जोखीमच घेणार नाहीत, आणि भागधारकांनी पैसे घातलेले असतात ते जोखमीसाठीच. मात्र संचालकाचा स्वतःचा स्वार्थ गुंतला असेल, तर हे कवच गळून पडतं.

सोसायटी सचिव, कोथरूड: आम्ही सर्वांत कमी दराच्या टेंडरला वॉटरप्रूफिंग दिलं. गच्ची अजून गळते. सभासद म्हणतात, पैसे कमिटीने भरा. हा नियम दाखवू का त्यांना?

वकील: काका, सोसायटीला कंपनी कायदा नाही, सहकार कायदा लागतो. त्यात कलम ८८ खाली नुकसान वसूल होऊ शकतं. तिन्ही कोटेशनं, तज्ज्ञाचा अहवाल आणि सभेचं इतिवृत्त आहे का, ते आधी काढा.

सचिव: इतिवृत्तात फक्त 'सर्वानुमते मंजूर' आहे.

सीए: आपल्या कंपनी कायद्यात हा नियम कुठे आहे?

वकील: या नावाने नाही. २०१३ च्या कायद्यात कलम १६६ काळजीने वागायला सांगतं. कलम ४६३ खाली, प्रामाणिकपणे आणि वाजवी रीतीने वागलेल्याला कोर्ट जबाबदारीतून मोकळं करू शकतं. करेलच असं नाही.

अनुवादिका: मग 'संरक्षण' नको. 'संचालकांच्या सद्हेतूचं गृहीतक' कसं वाटतं?

वकील: सद्हेतू आला, पण माहिती घेऊन ठरवलं हे त्यात कुठेय?