मदत हवी आहे: टीव्हीवर प्ले स्टोअरचा देश कसा बदलायचा?

कोथरूडला घरी अँड्रॉइड टीव्ही आहे, बायको जर्मन शिकतेय म्हणून तिकडच्या एका चॅनलचं ॲप हवंय, पण ते इथल्या प्ले स्टोअरमध्ये दिसतच नाही. टीव्हीची भाषा बदलून, स्टोअरचा डेटा क्लिअर करून आणि शेवटी फॅक्टरी रिसेट मारूनही काही फरक नाही (परत सगळे पासवर्ड रिमोटने टाकले, हात दुखले), मग कळलं की देश टीव्हीला नाही, गुगल अकाउंटला चिकटलेला असतो, आणि वर्षातून एकदाच बदलता येतो. मेन अकाउंटला हात लावायचा नाहीये, त्यात बॅलन्स आहे. मेहुणी म्युनिकला असते, तिने तिथून नवीन अकाउंट काढून दिलं आणि मी ते फक्त टीव्हीवर दुसरं म्हणून ॲड केलं, तर जर्मन कार्ड न टाकता फुकट ॲप उतरेल का, आणि नंतर इथून अपडेट येत राहतील का?